हंगामातल्या पहिल्या आंब्याच्या फोटोखाली काय लिहावे?

प्रश्न: काल या वर्षीचा पहिला हापूस घरी आला. स्टीलच्या ताटलीत एकच आंबा आणि मागे पुण्यातल्या आमच्या फ्लॅटची खिडकी, असा फोटो काढला आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीची आठवण जागी होईल असे कॅप्शन हवे आहे, पण ‘फळांचा राजा आला’ छापाचे नको. मे महिन्यात आम्ही राजापूरजवळ आजोळी जायचो. आजी माळ्यावर अढी लावायची आणि आम्हा मुलांना वर चढायला बंदी असायची. काही सुचवाल का?

उत्तर: एका नियतकालिकात छायाचित्रांखालच्या ओळी लिहिण्याचे काम मी काही वर्षे केले आहे आणि माझे आजोळही रत्नागिरी जिल्ह्यातलेच असल्यामुळे हा प्रश्न वाचून आधी थोडा हेवा वाटला, कारण आमच्याकडे अजून पेटी आलेली नाही. तुम्हाला हवी असलेली ओळ तुमच्या प्रश्नातच आहे, असे माझे मत आहे. ती कुठे दडली आहे हे सांगण्यापूर्वी एका अडचणीकडे लक्ष वेधतो, कारण या प्रकारची बहुतेक कॅप्शन तिथेच फसतात.

हंगामाचा पहिला आंबा आणि उन्हाळ्याची सुट्टी या दोन गोष्टी प्रत्यक्षात एका वेळी घडत नाहीत. हापूसची पहिली फळे शहरात येतात तेव्हा शाळांच्या परीक्षा बहुधा व्हायच्या असतात किंवा चालू असतात. आजोळचा आंबा मात्र मे महिन्यातला, म्हणजे निकाल हातात पडल्यानंतरचा आणि गावी पोहोचल्यानंतरचा. त्यामुळे ‘पहिला आंबा’ म्हटल्यावर आपल्याला खरे तर सुट्टी आठवत नाही, सुट्टीला अजून किती दिवस उरले आहेत ते आठवते. पहिल्या आंब्याची भावना वाट पाहण्याची आहे आणि मे महिन्यातल्या आंब्याची भावना पोट भरण्याची आहे. फोटो पहिल्याचा आणि ओळ दुसऱ्याची असे झाले की वाचणाऱ्याला नेमके काय खटकले ते सांगता येत नाही, पण खटकते हे नक्की.

दुसरी गफलत जातीची. ‘बादलीभर आंबे चोखून खाल्ले, कोपरापर्यंत रस ओघळला’ अशी ओळ हापूसच्या फोटोखाली अनेकदा दिसते. कोकणात वाढलेला माणूस ती वाचून हसतो, कारण चोखायचा तो रायवळ आणि कापायचा तो हापूस. बादलीत किंवा घंगाळात पाणी भरून आंबे त्यात भिजत टाकायचे, मग मुलांनी भोवती बसून कोणी किती बाठे टाकले ते मोजायचे, हा सगळा प्रकार रायवळाचा. हापूस बागेतून उतरला की निवडून पेटीत जायचा आणि पेटी मुंबईच्या बाजाराला जायची. घरच्यांच्या वाट्याला बहुधा डागी किंवा लहान फळ येई आणि तेही फोडी करून, मोजून मिळे. फोडी आधी पाहुण्यांना, मग मोठ्यांना, आणि मुलांच्या हाती बाठा, हा क्रम आमच्या घरी कधी बदलल्याचे मला आठवत नाही. त्यामुळे हापूसची आठवण रेलचेलीची असण्यापेक्षा हिशेबाची असण्याची शक्यता जास्त, आणि नेमक्या त्याच कारणाने ती कॅप्शनला जास्त उपयोगी पडते. ‘फोडी पाहुण्यांना, बाठा मला. हिशेब अजून तोच आहे.’ ही ओळ कापलेल्या आंब्याच्या फोटोखाली छान बसेल, पण तुमच्या ताटलीतला आंबा अखंड आहे, म्हणून ती बाजूला ठेवू.

आता तुमच्या फोटोकडे येऊ. फोटोत आंबा दिसतो, त्याचा रंग दिसतो, ताटली दिसते. म्हणजे ‘केशरी’, ‘सोनेरी’ आणि खुद्द ‘आंबा’ हे शब्दसुद्धा ओळीत आले नाहीत तरी काही बिघडत नाही. फोटोत येऊ शकत नाही तो वास, आणि पहिल्या आंब्याचा निम्मा आनंद वासातच असतो. तुमच्या आजीच्या अढीचेही तसेच होते. काळोख्या, उबदार जागी भाताचा पेंढा किंवा वाळके गवत अंथरायचे, त्यावर आंबे एकमेकांना दाबणार नाहीत असे मांडायचे, वर पुन्हा पेंढा, पुन्हा आंबे, असे थर लावायचे आणि आठ-दहा दिवस वाट पाहायची. मध्ये एक-दोन दिवसांआड कोणीतरी जाणते माणूस वर जाऊन अढी चाळायचे, पिकलेली फळे बाजूला काढायचे आणि एखादे नासले असेल तर ते उचलायचे, कारण एक नासके फळ शेजारच्यांनाही नासवते. मुलांना वर येऊ न देण्याचे कारणही हेच असणार. मुले फळ पिकले का ते पाहण्यासाठी अंगठ्याने दाबतात आणि दाबलेल्या जागी फळ पिकण्याऐवजी काळे पडते. त्यामुळे खाली उभे राहून येणाऱ्या वासावरून ‘आज निघणार की उद्या’ याचा अंदाज बांधणे एवढेच तुमच्या हाती होते.

ही बंदी तुम्ही प्रश्नात जाता जाता लिहिली आहे, पण तुमच्या ओळीचा जीव तिच्यातच आहे. तुम्ही स्वतः काही मसुदे केलेच असतील. साधारणपणे पहिला मसुदा असा असतो: ‘पहिला हापूस आणि बालपणीच्या गोड आठवणी.’ यात चूक काही नाही, पण फोटो झाकून ही ओळ वाचली तर ती कोणाच्याही, कोणत्याही आंब्याखाली चालेल. ‘आठवण’ आणि ‘बालपण’ हे शब्द लिहिले की आठवण करून देण्याचे काम झाले असे आपल्याला वाटते, पण वाचणाऱ्याला त्यातून आठवायला काहीच मिळत नाही. दुसरा मसुदा बहुधा असा होतो: ‘आजीच्या माळ्यावरची अढी आठवली.’ हा पुष्कळ बरा, कारण आता जागा आहे आणि वस्तूही आहे. फक्त ‘आठवली’ हे क्रियापद अजून वाचकाला बोट धरून नेते. ते काढून टाका आणि त्या जागी तुम्ही काल प्रत्यक्ष काय केलेत ते लिहा. आंबा घरात आल्यावर तुम्ही सुरी घेण्याआधी तो नाकाशी नेलाच असणार. मग ओळ अशी होते:

‘माळ्यावर चढायला बंदी होती. म्हणून आजही आधी नुसता वास घेतला.’

हीच ओळ तुम्ही वापरावी असे मी सुचवेन. तिच्यात आंबा, आजी, सुट्टी आणि बालपण यांपैकी एकही शब्द नाही आणि तरी चारही गोष्टी कळतात. ती वाट पाहण्याविषयीची आहे, म्हणजे पहिल्या आंब्याशी खरी राहते. ‘आजही’ या एका शब्दामुळे राजापूरचा माळा आणि पुण्याची खिडकी एका वाक्यात येतात. शेवटी उद्गारचिन्ह देऊ नका. पूर्णविराम दिला की विनोद वाचणाऱ्याला स्वतः सापडतो. लांबीही बेताची आहे, कारण फोटोखाली पहिल्या दोनेक ओळीच दिसतात आणि पुढचे उघडून वाचावे लागते. हॅशटॅग द्यायचेच असतील तर ओळ सोडून खाली द्या.

तुम्हाला शब्दखेळ हवा असेल तर मराठीने तो आयताच करून ठेवला आहे. आंबे पिकत घालतात ती अढी आणि मनात धरून ठेवतात तीही अढी (पहिलीला काही जण आढी म्हणतात, पण अढी हे रूपही प्रचलित आहे). त्यावरून ‘वर्षभर मनात एकच अढी होती. आज उघडली.’ अशी ओळ होते. ती जास्त चटपटीत आहे, हे मान्य, पण तिला एक मर्यादा आहे: ज्यांनी आंबे नेहमी पुठ्ठ्याच्या खोक्यातच पाहिले त्यांना आंब्यांच्या अढीचा अर्थ लागणार नाही आणि तुमचे खरोखरच कोणाशी तरी बिनसले होते की काय, अशी चौकशी होईल. तुमच्या यादीत कोकणातली मंडळी बरीच असतील तर बेधडक टाका. ‘पेटी’ या शब्दावरचा आंबे आणि हार्मोनियमचा खेळही अनेकांना सुचतो, पण तुमच्या फोटोत पेटी नाही, त्यामुळे तो इथे उपरा वाटेल.

एक शक्यता मात्र विचारात घ्या. अनेक घरांत पहिला आंबा देवापुढे ठेवतात, आणि काही घरांत अक्षय्य तृतीयेला पितरांना आंबा दाखवल्याशिवाय कोणी खात नाही. तुमच्या ताटलीतला आंबा तसा नैवेद्याचा असेल तर वरची ओळ बदलून ‘पहिला देवाला. दुसऱ्याची वाट पाहत मी अजून दारातच उभा आहे.’ असे लिहिता येईल. भूतकाळातली मुले आणि आजचा मोठा माणूस इथेही एकाच जागी येतात. (‘उभा’ की ‘उभी’ ते तुमचे तुम्ही ठरवा.)

बाकी दोन गोष्टी थोडक्यात. फळ नक्की कुठले आहे हे विकणाऱ्याकडून खात्रीने कळले नसेल तर ओळीत देवगड किंवा रत्नागिरी लिहू नका. २०१८ साली कोकणातल्या रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले असले तरी हंगामाच्या सुरुवातीला बाहेरचा आंबाही कोकणच्या नावावर विकला जातो, आणि तुमच्या फोटोखाली पहिली टिप्पणी नेमकी त्याच विषयावर येईल. तसेच, फोटो आंबा कापण्याआधीचा असेल तर चवीबद्दल एक अक्षरही लिहू नका. वरून निर्दोष दिसणाऱ्या हापूसच्या आत साका, म्हणजे पांढरट, स्पंजासारखा, बेचव झालेला गर, निघू शकतो. तो सालीवरून दिसत नाही आणि वासावरूनही ओळखता येत नाही. ‘मधासारखा गोड’ असे लिहून झाल्यावर सुरी लावायची आणि तोंड पाडून बसायचे, हे माझ्या बाबतीत झालेले आहे.

तुमच्याही आंब्यात साका निघालाच तर त्याच फोटोखाली टिप्पणीत एवढेच लिहा: ‘साका निघाला. हा आजीलाही बाहेरून कळला नसता.’