रील काढलेली नाही, तरी व्ह्यूज एकदम का घटतात?

प्रश्न: इन्स्टाग्रामवर माझी रील जशीच्या तशी दिसतेय, पण फॉलोअर्स सोडून कुणापर्यंत पोहोचत नाहीये. Account Status मध्ये काय बघायचं?

उत्तर: इन्स्टाग्रामचे नियम दोन पातळ्यांवर चालतात. कम्युनिटी स्टँडर्ड्स मोडले तर पोस्ट काढली जाते. शिफारशीचे नियम त्याहून कडक आहेत. त्यात न बसणारी पोस्ट प्रोफाइलवर राहते, फॉलोअर्सना दिसू शकते, पण एक्सप्लोअरमध्ये किंवा अनोळखी लोकांच्या रील्समध्ये जात नाही.

समजा, तुम्ही घरगुती चूर्ण विकता आणि रीलमध्ये म्हणता, ‘महिन्यात दहा किलो वजन हमखास उतरेल.’ अशा चमत्कारी दाव्याची रील न काढताही तिची शिफारस थांबू शकते.

प्रोफाइलच्या सेटिंग्जमध्ये Account Status उघडा. काढलेला मजकूर आणि शिफारस न होणारा मजकूर तिथे वेगवेगळा दाखवतात. पहिल्या ठिकाणी हिरवी खूण आणि दुसऱ्या ठिकाणी इशारा असेल, तर अकाउंट बंद पडणार म्हणून घाबरू नका; प्रश्न फक्त नव्या लोकांपर्यंत पोहोचण्याचा आहे. इशाऱ्यावर टॅप केलं की नेमकी पोस्ट कळते. दावा खरंच केला असेल तर ती बदला किंवा काढा. चुकून पकडली असेल तरच फेरतपासणी मागा.

सगळीकडे हिरवं असेल, तर रीलच्या इन्साइट्समध्ये फॉलोअर्स नसलेल्यांचा वाटा जुन्या रील्सशी ताडून बघा. दुसऱ्या अ‍ॅपचा वॉटरमार्क असलेली रीलही कमी पसरते.