नमुना उत्तर बाजूला ठेवा, आधी उतारा हातात घ्या

प्रश्न: «दहावीच्या सराव परीक्षेत सारांशलेखन तपासतेय. एका मुलाने मोजून एक तृतीयांश लिहिलंय, पण सगळी वाक्यं उताऱ्यातलीच उचललीत. दुसरीने स्वतःच्या शब्दांत छान लिहिलंय, पण लांबी बरीच जास्त झालीय. सहापैकी कुणाला किती द्यायचे? कोल्हापुरात नवीनच रुजू झालेय, शाळेत विचारलं तर प्रत्येकजण वेगळं सांगतो.»

मॅडम, तुमचा प्रश्न वाचला आणि माझी बारा-तेरा वर्षांपूर्वीची एक रात्र आठवली. समोर गठ्ठा, हातात लाल पेन आणि शेजारी पेपरबरोबर छापून आलेलं नमुना उत्तर. त्या नमुना उत्तराने माझा घात केला, म्हणून आधी तेच सांगते.

आमची सराव परीक्षेची प्रश्नपत्रिका तेव्हा बाहेरून छापून यायची. ज्यांच्याकडून यायची त्यांचं नाव घेत नाही. सोबतच्या उत्तरसूचीत सारांशही तयार असायचा. मी काय केलं, तो सारांश समोर ठेवला आणि पोरांच्या उत्तरात त्यातली वाक्यं सापडली की बरोबरची खूण करत गेले. ज्याची वाक्यं जुळली त्याला पाच, ज्याची जुळली नाहीत त्याला दोन-अडीच. अख्खा वर्ग तपासून झाल्यावर एका मुलीने विचारलं, "बाई, माझं चुकलं कुठे?" तिला दोनच दिले होते. दाखवावं म्हणून मी पहिल्यांदाच मूळ उतारा काढला आणि माझे हातपाय गार पडले. नमुना उत्तर म्हणजे उताऱ्यातलीच पाच वाक्यं होती, एकाखाली एक लावलेली. म्हणजे ज्यांनी उतारा उतरवून काढला त्यांचं माझ्या तपासणीत आपोआप जुळत होतं आणि जिने समजून लिहिलं तिचं जुळणं शक्यच नव्हतं.

पेपर पाठवणाऱ्यांना मी दोनदा पत्र लिहिलं. दोन्ही वेळा एकच ओळ आली, "उत्तरसूचीप्रमाणे तपासावे." तिसऱ्या पत्राला उत्तरच नाही. मी सगळे पेपर पुन्हा तपासले, त्याचं मला काही वाटलं नाही. वाटलं ते याचं, की त्याच मुलीने पुढच्या चाचणीत चार वाक्यं सरळ उचलून लिहिली. मला त्यातच मार्क मिळतात हे ती माझ्याकडूनच शिकली होती. ते मला अजून सलतं.

तेव्हापासून मी एकाही उत्तराला हात लावण्याआधी उतारा स्वतः वाचते आणि समासात मुद्दे काढते. एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवते, तुम्हाला हवं ते त्यातच मिळेल. हा उतारा मीच सरावासाठी लिहिलेला, नेमका नव्वद शब्दांचा:

«कोल्हापूर भागात गुऱ्हाळे सुरू झाली की शिवारात गोड वास पसरतो. उसाचा रस मोठ्या काहिलीत उकळतात. उकळताना रसावर मळी येते. ती झाऱ्याने काढली नाही तर गूळ काळपट होतो. मळी सुटावी म्हणून रसात भेंडीच्या खोडाचा चिकट रस घालतात. चुलवाणात जळण म्हणून उसाचीच वाळलेली चिपाडे वापरतात, त्यामुळे लाकूड विकत घ्यावे लागत नाही. रस कधी उतरवायचा हे गुळव्या ठरवतो. तो काहिलीतला थोडा पाक पाण्यात टाकून त्याची गोळी होते का ते पाहतो. काहील लवकर उतरली तर गूळ मऊ राहतो, उशिरा उतरली तर करपतो. आज अनुभवी गुळव्या मिळेनासा झाला, हे गुऱ्हाळे कमी होण्याचे एक कारण आहे.»

यात माझ्या मते मुद्दे चारच. मळी नीट काढली तरच गूळ चांगला होतो. जळण चिपाडाचंच असतं, म्हणून त्याचा खर्च नाही. काहील उतरवायची वेळ गुळव्या ओळखतो आणि ती चुकली की गूळ बिघडतो. असा गुळव्या मिळत नाही, हे गुऱ्हाळं कमी होण्याचं एक कारण. गोड वासाचं पहिलं वाक्य सजावटीचं आहे, आणि पाकाची गोळी हा तिसऱ्या मुद्द्याचा तपशील. ते गळले तर गुण कापायचे नाहीत. उलट एखाद्याने गोड वास ठेवला आणि गुळव्या गाळला, तर त्याला उतारा कळलाच नाही असं मी धरते.

आता पहिलं उत्तर बघा, तुमच्या त्या मुलासारखं:

«उसाचा रस मोठ्या काहिलीत उकळतात. उकळताना रसावर मळी येते. मळी सुटावी म्हणून रसात भेंडीच्या खोडाचा चिकट रस घालतात. रस कधी उतरवायचा हे गुळव्या ठरवतो. आज अनुभवी गुळव्या मिळेनासा झाला.»

शब्द एकोणतीस. लांबी अगदी बरोबर. पण पेन्सिल घ्या आणि उताऱ्याशी सलग पाच शब्द जसेच्या तसे जुळतात तिथे खाली रेघ ओढा. जवळजवळ सगळं उत्तर रेघेखाली जाईल. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मुद्देही सांडलेत, आणि ते का सांडले हे बघण्यासारखं आहे. वाक्यं उचलणारा मुलगा लांबी बसवायला वाक्य अर्ध्यावर तोडतो किंवा अख्खं गाळतो, आणि जातो तो नेमका "त्यामुळे", "नाही तर", "कारण" असला भाग. इथे मळी आली, पण न काढल्याने काय होतं ते गेलं. गुळव्या आला, पण त्याची वेळ चुकली तर काय हे गेलं. शेवटच्या वाक्यातून गुऱ्हाळं कमी होणंच उडालं. जळणाचा तर पत्ताच नाही. उरलं ते नुसतं वर्णन, आणि लेखकाला काय म्हणायचं होतं ते त्यात कुठेच नाही.

दुसरं उत्तर:

«रसातली घाण काढणे आणि काहील नेमकी कधी उतरवायची हे ओळखणे, या दोन गोष्टींवर गुळाचा कस ठरतो. दुसरे काम फक्त जाणता गुळव्याच करू शकतो. असे जाणकार आता सहज सापडत नाहीत, म्हणून गुऱ्हाळे बंद पडू लागली आहेत. जळणाला मात्र चिपाडेच पुरतात, त्याचा खर्च नाही.»

शब्द बेचाळीस, म्हणजे बारा जास्त. पण पहिलं वाक्य परत वाचा. उताऱ्यात मळीची गोष्ट तिसऱ्या वाक्यात आहे आणि वेळ चुकण्याची नवव्या. या मुलीने ती दोन्ही एका वाक्यात आणली आणि दोन्हींमुळे गूळ बिघडतो हे स्वतः ओळखलं. दूरची दोन वाक्यं जोडलेली दिसली की उत्तर तिचं स्वतःचं आहे याचा मला दुसरा पुरावा लागत नाही. एक चूक मात्र आहे आणि ती घाईत नजरेतून सुटते. उताऱ्यात "एक कारण" आहे, हिने "म्हणून" लिहून ते एकमेव कारण करून टाकलं. स्वतःच्या शब्दांत लिहिणाऱ्या मुलांची ही नेहमीची चूक आहे, म्हणून चांगलं उत्तर दिसलं तरी मुद्दे उताऱ्याशी पडताळायचेच.

मी सहा गुण असे वाटते: मुद्द्यांना तीन, स्वतःच्या शब्दांना दोन, लांबीला एक. ही माझी वाटणी आहे, मंडळाची नाही. प्रत्यक्ष बोर्डाच्या पेपरला मुख्य नियामकांच्या सूचना येतात, तिथे त्याच चालतात. माझ्या हिशेबाने पहिल्याला मुद्द्यांचा दीड, शब्दांचा शून्य, लांबीचा एक, एकूण अडीच. दुसरीला मुद्द्यांचे अडीच, शब्दांचे दोन, लांबीचा शून्य, एकूण साडेचार. कुणी म्हणेल, लांबी हीच तर प्रश्नाची अट आहे, मग तिला एकच गुण का? माझं मत असं, की बारा शब्द छाटणं आठवीच्या मुलालाही एका तासात शिकवता येतं. "सहज", "नेमकी", "मात्र" असे शब्द काढायचे, "करू शकतो" ऐवजी "करतो" लिहायचं. मुद्दा पकडणं वर्षभर शिकवावं लागतं.

अर्थात याला मर्यादा आहे. नव्वद शब्दांच्या उताऱ्याचा कुणी सत्तर शब्दांचा "सारांश" लिहिला, तर चारही मुद्दे येणारच, तो निवडीचा प्रश्नच राहत नाही. तिथे मी मुद्द्यांच्या तीनमधलेही कापते, कारण काय गाळायचं हे त्याने ठरवलेलंच नसतं. तीस शब्द अपेक्षित असताना सत्तावीस ते तेहतीस असतील तर लांबीचा पूर्ण गुण द्या, एकेक शब्द मोजत बसू नका. मोजायचंच तर मधल्या तीन ओळींचे शब्द मोजून सरासरी काढा आणि ओळींच्या संख्येने गुणा. अक्षर मोठं असलं की पानभर दिसतं आणि आपण उगाच कापतो, हे माझ्याकडूनही झालंय.

उचललेल्या वाक्यांबद्दल अजून दोन गोष्टी. काहील, मळी, चुलवाण, गुळव्या हे शब्द उत्तरात आले तर ती उचलेगिरी नव्हे. त्यांना तितके नेमके दुसरे शब्द नाहीत. मुलांना "सगळे शब्द बदला" असं सांगितलं की ती काहिलीला "भांडं" आणि गुळव्याला "कामगार" करतात, आणि त्यात अर्थच जातो. दुसरं, वेश बदललेली उचल ओळखा. "मोठ्या काहिलीत उसाचा रस उकळला जातो" यात सलग पाच शब्द जुळणार नाहीत, रेघ पडणार नाही, पण वाक्य तेच आहे. अशा वेळी मी शब्द सोडून क्रम बघते. उत्तरातली वाक्यं उताऱ्याच्याच क्रमाने, एकास एक अशी चालली असतील तर शब्दांच्या दोनपैकी एकच देते.

आणि एकाच दोषाला दोनदा कापू नका. वाक्य उचललं म्हणून शब्दांचे गुण गेले, पण त्यात मुद्दा पूर्ण असेल तर मुद्द्याचा गुण द्यायचाच. आमच्या स्टाफरूममध्ये यावरून वाद झालेत, काहीजण उचललेल्या वाक्याचा मुद्दाही धरत नाहीत. मला ते पटत नाही. कोणतं वाक्य उचलायचं हे तरी त्या पोराने निवडलेलंच असतं.

शाळेत प्रत्येकजण वेगळं सांगतो म्हणालात, तर एक करा. त्या दोन उत्तरांच्या झेरॉक्स काढा, नावं झाका, आणि मराठी शिकवणाऱ्या दोघांना उताऱ्यासकट तपासायला द्या. मुद्दे मात्र तिघांनी आधी एकत्र बसून ठरवा. आमच्याकडे फरक दोन-अडीच गुणांचा यायचा, मुद्दे आधी ठरवल्यावर तो अर्ध्यावर आला. आणि त्या मुलाला पेपर परत देताना पेन्सिलच्या रेघा पुसू नका. त्याने गाळलेलं "नाही तर गूळ काळपट होतो" हे त्याच्या वाक्यापुढे तुम्ही लिहून द्या, म्हणजे गुण कुठे गेले ते त्याला दिसेल.