हस्तलिखित रोकडवहीच्या फोटोंवरून दुहेरी नोंदी कशा कराव्यात?

प्रश्न: रोकडवहीचे फोटो आहेत. संक्षेप आणि खाडाखोड खूप. यातून दुहेरी नोंदी कशा करू?

उत्तर: लगेच खाती पाडू नका. आधी प्रत्येक ओळ जशी दिसते तशी शीटमध्ये उतरवा: फोटो क्रमांक, ओळ, तारीख, मूळ मजकूर, खोडलेली रक्कम, वरची रक्कम. खोडलेला आकडा गाळू नका, पुढे तोच पुरावा ठरतो.

मग पानाची शिल्लक जुळवा. समजा आरंभी ४,२००, जमा ६,५००, इतर खर्च २,३००, आणि एका ओळीत १,५८० खोडून वर १,८५० लिहिले आहे. पानाखाली ६,५५० असेल तर १,८५० खरे. ६,८२० असेल तर बेरीज दुरुस्तीआधीची असू शकते, म्हणून पुढच्या पानाची आरंभीची शिल्लक पाहा. फरक २७० आहे. ९ ने भाग जाणारा फरक बहुधा अंकांची अदलाबदल दाखवतो.

संक्षेप एकेका ओळीवरून सोडवू नका, त्याच्या सगळ्या नोंदी एकत्र लावा. ‘दु.’ दरमहा त्याच रकमेने आला तर दुकानभाडे, रकमा अनियमित असतील तर दुरुस्ती असण्याची शक्यता जास्त. खात्री पावतीवरून किंवा लिहिणाऱ्याकडूनच करा.

त्यानंतर नोंद सरळ आहे: पैसे आले तर रोकड नावे आणि समोरचे खाते जमा, गेले तर उलट. न उलगडलेला खर्च सस्पेन्स खात्याला नावे टाका. ‘किरकोळ खर्चा’त ढकललात तर तो पुन्हा कुणी तपासत नाही. रोकड जुळली म्हणजे खाते बरोबर निवडले असे मात्र नाही. ती चूक ताळेबंदातही दिसत नाही.