हिजरी सनातून इसवी सन काढताना सरळ ६२२ का मिळवायचे नाहीत?

प्रश्न: विजापूरच्या गोल घुमटावर हिजरी १०६७ कोरलंय असं गाइड म्हणाला. मी ६२२ मिळवले तर १६८९ आलं. पुस्तकात मात्र मुहम्मद आदिलशाह १६५६ मध्ये वारला असं आहे. चूक कोणाची?

उत्तर:

पुस्तक बरोबर आहे आणि गाइडही बरोबर आहे. चूक फक्त त्या बेरजेत आहे. १६८९ हे साल तिथे बसूच शकत नाही, कारण औरंगजेबाने विजापूर १६८६ मध्येच जिंकलं होतं.

आपल्या पंचांगातही महिने चांद्रच असतात. पण वर्ष ऋतूंपासून सरकू लागलं की साधारण पावणेतीन वर्षांनी धोंड्याचा महिना घालून ते परत जागेवर आणतात. हिजरी वर्षात अधिक मास नाही. साडेएकोणतीस दिवसांचे बारा महिने झाले की सुमारे ३५४ दिवस भरतात आणि वर्ष संपतं. म्हणजे दर वर्षी सौर वर्षाच्या मानाने जवळजवळ ११ दिवस कमी. सन २००० मध्ये रमजान ईद जानेवारीत आली आणि डिसेंबरअखेर पुन्हा आली, ती याचमुळे. तसं आता २०३३ मध्ये घडेल. ३३ हिजरी वर्षांत जवळपास ३२ सौर वर्षंच होतात, आणि हाच आकडा हिशेबाला लागतो.

हिजरी सनाला ३३ ने भागा, आलेला आकडा त्याच सनातून वजा करा आणि मग ६२२ मिळवा. १०६७ भागिले ३३ म्हणजे सुमारे ३२. १०६७ मधून ३२ गेले, राहिले १०३५. त्यात ६२२ मिळवले की १६५७.

आता तुम्ही म्हणाल, पुस्तकात तर १६५६ आहे! मला या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. हिजरी वर्ष १ जानेवारीला सुरू होत नाही, त्यामुळे ते जवळजवळ नेहमी दोन इसवी सनांत विभागलेलं असतं. एका हिजरी आकड्याला एकच इसवी आकडा द्यायचा हट्ट धरला की एका वर्षाची चूक हमखास होते. म्हणून थोडं नेमकं सूत्र वापरावं, त्यात H म्हणजे हिजरी सन आणि G म्हणजे इसवी सन:

```
G = H × 0.970224 + 621.5774
```

१०६७ घातलं की १६५६.८ येतं. यातला अपूर्णांक फेकून देऊ नका, तो मोहरमची पहिली तारीख कुठे पडते ते सांगतो. ०.८ म्हणजे वर्षाचा चार पंचमांश भाग उलटलेला, म्हणजे ऑक्टोबरचा उत्तरार्ध. प्रत्यक्षात १०६७ चा मोहरम २० ऑक्टोबर १६५६ ला सुरू झाला आणि ते वर्ष ८ ऑक्टोबर १६५७ ला संपलं. वर्षाचा बहुतेक भाग १६५७ मध्ये, म्हणून तोंडी हिशेबाने १६५७ दिलं. पण बादशहा वारला २६ मोहरमला, वर्षाच्या पहिल्याच महिन्यात, म्हणून त्याचं साल १६५६.

महिना माहीत असेल तर असंच पुढे जाता येतं. संपलेल्या प्रत्येक महिन्यामागे ०.०८ मिळवायचे. पानिपतची लढाई ६ जमादिलाखर ११७४ ला झाली. सूत्राने ११७४ ची सुरुवात १७६०.६२ ला येते, म्हणजे ऑगस्टच्या मध्याला. जमादिलाखर सहावा महिना, म्हणजे आधी पाच महिने संपलेले, त्यांचे ०.४० आणि वरच्या पाच दिवसांचे साधारण ०.०१. बेरीज १७६१.०३, म्हणजे जानेवारीचा मध्य. तारीख १४ जानेवारी १७६१, हे आपल्याला पाठच असतं. यापेक्षा नेमकं उत्तर सूत्राकडून मागू नये. चंद्र कुठे एक दिवस उशिरा दिसतो आणि हिजरी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, त्यामुळे कोष्टकातून काढलेल्या तारखेतही एखाद्या दिवसाचा फरक राहतो.

आदिलशाहाची हिजरी तारीख इसवीत बदलून देणाऱ्या संकेतस्थळावर तपासलीत तर १४ नोव्हेंबर १६५६ येईल आणि पुस्तकात ४ नोव्हेंबर दिसेल. गोंधळू नका. शिवकाळाच्या तारखा आपल्याकडे जुन्या, म्हणजे ज्युलियन पद्धतीने देण्याचा प्रघात आहे आणि सतराव्या शतकात ती आणि आजची ग्रेगोरियन पद्धत यांत १० दिवसांचं अंतर होतं. शिवराज्याभिषेकाचा ६ जून १६७४ हाही जुन्याच पद्धतीचा.

एक गोष्ट गाइड सहसा सांगत नाहीत. गोल घुमटाच्या दक्षिण दारावर तीन फारसी ओळी आहेत आणि प्रत्येकीतल्या अक्षरांचं मोल मोजलं की १०६७ येतं. त्यातली एक ओळ ‘आकिबत मुहम्मद महमूद शुद’, म्हणजे मुहम्मदाचा शेवट प्रशंसनीय झाला. फारसी लिपीतल्या प्रत्येक अक्षराला ठरलेला आकडा असतो. त्याप्रमाणे आकिबतचे ५७३, मुहम्मदचे ९२, महमूदचे ९८ आणि शुदचे ३०४. बेरीज करून पाहा. मी पहिल्यांदा केली तेव्हा वहीचं ते पान कितीतरी वेळ मिटवलं नव्हतं.

तुम्ही मराठी असल्यामुळे एक धोका आत्ताच सांगून ठेवतो. उद्या घरातला एखादा मोडी कागद हाती आला आणि त्यात ‘छ २६ मोहरम’ अशी तारीख दिसली, तर सन हिजरीच असणार असं वाटेल. तसं नसतं. महिना आणि तारीख हिजरी, पण सन बहुधा सुहूर असतो, ज्याला अरबी सनही म्हणतात. तो अरबी संख्याशब्दांत लिहिलेला असतो, उदाहरणार्थ ‘सबा खमसैन अलफ’. सबा म्हणजे सात, खमसैन पन्नास, अलफ हजार, मिळून १०५७. हा सन सौर आहे, मृगाच्या सुमारास बदलतो. त्यात वजाबाकी करायची नाही. जून ते डिसेंबरमधल्या तारखेला ५९९ मिळवायचे, जानेवारी ते मेमधल्या तारखेला ६००. १०५७ अधिक ५९९ म्हणजे १६५६, आदिलशाह वारला तेच साल! त्याच १०५७ ला हिजरीचं सूत्र लावलंत तर १६४७ येईल आणि कागद नऊ वर्षं मागे जाईल.

हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. सुहूर आणि हिजरी १३४४ मध्ये एकाच आकड्यावर होते, दोन्ही ७४५. तिथून ३१२ वर्षांनी, १६५६ च्या नोव्हेंबरात, एक १०५७ वर पोचला होता आणि दुसरा १०६७ वर. मधली दहा वर्षं म्हणजे दर वर्षी मागे पडलेले ते अकरा-अकरा दिवस.

तुमच्या टिपणात ‘हि. १०६७ (१६५६-५७)’ असं लिहा. मृत्यूची तारीख द्यायची असेल तरच नुसतं १६५६ लिहा आणि पुढे ‘२६ मोहरम’ जरूर जोडा.