शेपटी फुटते, तरी लघुग्रहच

‘डिसेंबरमध्ये वांगणीला उल्कावर्षाव बघायला गेलो होतो. तिथे माहिती देणारे म्हणाले, या उल्का फेथॉन नावाच्या लघुग्रहामुळे दिसतात, आणि सूर्याजवळ गेला की त्याला शेपटीही फुटते. मग त्याला सरळ धूमकेतू का म्हणत नाहीत?’ – एक वाचक, मुलुंड

धूम म्हणजे धूर आणि केतू म्हणजे ध्वज. धुराचा ध्वज मिरवणारा तो धूमकेतू. जुन्या मराठीतलं शेंडेनक्षत्र हे नावही असंच, दिसण्यावरून पडलेलं. खगोलशास्त्रज्ञ मात्र शेपटीवर थांबत नाहीत. वस्तू कशाची बनली आहे, कोणत्या वाटेने फिरते आणि शेपटी कशामुळे फुटते, हे ते आधी विचारतात. फेथॉनच्या बाबतीत या तिन्हींची उत्तरं धूमकेतूहून वेगळी येतात.

आधी नेहमीचा धूमकेतू बघू. त्याचं केंद्रक बहुधा काही किलोमीटरचंच असतं. पाण्याचा बर्फ, गोठलेले वायू आणि धूळ यांचा तो गोळा सूर्यापासून फार लांब, कडाक्याच्या थंडीत घडलेला असतो. तिकडे असताना त्याला शेपटी नसतेच, तरी तो धूमकेतूच असतो. लांबट कक्षेतून तो आत येऊ लागतो आणि सूर्य-पृथ्वी अंतराच्या साधारण तिपटीच्या आत आला की पाण्याचा बर्फ जोमाने उडू लागतो. तो वितळून पाणी होत नाही, कपाटातल्या डांबरगोळीसारखी त्याची थेट वाफ होते. शाळेच्या पुस्तकात यालाच संप्लवन म्हणतात. सुटलेला वायू धुळीलाही ओढून नेतो आणि केंद्रकाभोवती मोठं धूसर आवरण तयार होतं.

त्यातल्या धुळीला सूर्यप्रकाशाचाच दाब मागे रेटतो. त्यातून किंचित वळलेला, पिवळसर पिसारा होतो. वायूचे जे कण विद्युतभारित होतात त्यांना सूर्यातून सतत सुटणाऱ्या कणांचा झोत, म्हणजे सौरवारा, ओढून नेतो, आणि त्यांची सरळ, निळसर शेपटी सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला जाते. म्हणूनच सूर्याला वळसा घालून परत निघालेल्या धूमकेतूची शेपटी त्याच्या पुढे चालते. शेपटी धावण्यामुळे मागे पडते ही समजूत इथेच खोटी ठरते.

आता फेथॉन. 1983 साली आयरास या अवरक्त दुर्बिणीच्या उपग्रहाने टिपलेल्या चित्रांत तो सापडला. व्यास पाच-सहा किलोमीटर, रूप खडकाचं. लवकरच खगोलशास्त्रज्ञ फ्रेड व्हिपल यांच्या लक्षात आलं की त्याची कक्षा डिसेंबरमधल्या मिथुन उल्कावर्षावाच्या कणांच्या वाटेशी जुळते. उल्कावर्षाव म्हटला की धूमकेतूने मागे टाकलेली धूळ शोधायची, ही तोवरची रीत. इथे मात्र जनक म्हणून खडक उभा राहिला.

त्याची कक्षा धूमकेतूसारखी लांबट आहे, हे खरं. साधारण 524 दिवसांच्या फेरीत तो सूर्यापासून 2.1 कोटी किलोमीटरपर्यंत आत येतो, म्हणजे बुधाच्याही पुष्कळ आत. पण बाहेर जातो तो जेमतेम 36 कोटी किलोमीटरपर्यंत, मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या लघुग्रहांच्या पट्ट्यात. गुरूची कक्षा 78 कोटी किलोमीटरवर आहे, तिच्या जवळपासही तो फिरकत नाही. नेहमीचे अल्पावधी धूमकेतू मात्र गुरूच्या आसपास किंवा त्याच्याही पलीकडे जाऊन येतात.

सूर्याजवळ त्याचा पृष्ठभाग 700 अंश सेल्सियसच्या वर तापतो. दर दीड वर्षाने असं भाजून निघणाऱ्या पृष्ठभागावर बर्फ टिकणं शक्य नाही. म्हणूनच 2009 मध्ये तो सूर्याजवळ अचानक उजळला आणि पुढे शेपटीही दिसली तेव्हा खडक तापून तडकत असेल, त्याची धूळ उडत असेल, असा अंदाज बांधला गेला.

2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने तो अंदाज बाजूला सारला, आणि मला यातली तपासाची पद्धत फार आवडते. सूर्यावर नजर ठेवणाऱ्या सोहो यानाच्या कॅमेऱ्यात वेगवेगळ्या रंगांच्या गाळण्या आहेत. सोडियमचा प्रकाश नारिंगी गाळणीतून येतो, निळीतून येत नाही. धूळ मात्र सूर्यप्रकाश परावर्तित करते, त्यामुळे ती दोन्हींत दिसायला हवी. फेथॉनची शेपटी नारिंगी गाळणीत ठळक दिसली आणि निळीत दिसलीच नाही. म्हणजे ती शेपटी खडकातून उष्णतेने बाहेर पडलेल्या सोडियमची आहे, धुळीची नव्हे.

यातून एक गोष्ट ओघानेच येते. आकाशात उल्का होऊन चमकतात ते घन कण, आणि ते सोडियमच्या वायूतून येऊ शकत नाहीत. आज दिसणारी शेपटी या वर्षावाला पुरवठा करत नाही. ते कण फेथॉनपासून पूर्वीच कधीतरी सुटले आहेत. त्या दिवशी ऐकलेल्या वाक्यातली दोन्ही विधानं बरोबर आहेत, फक्त त्यांना एकमेकांचं कारण समजू नये.

म्हणून ‘लघुग्रह फेथॉन’ हाच प्रयोग मी योग्य मानतो. त्याच्या शेपटीला ‘सोडियमची शेपटी’ म्हणावं, आणि ‘पिसारा’ हा देखणा शब्द धुळीच्या शेपटीसाठी राखावा.