मराठी शिकणाऱ्यांसाठी दर वेळी वेग वाढत जाणारं छोटं जीभवळण कोणतं?

'काळे राळे गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले' हेच घ्या. राळे हे एक बारीक धान्य, पण इथे अर्थापेक्षा जिभेची कसरत महत्त्वाची.

फोनवर मेट्रोनोम, म्हणजे एकसारखे ठोके देणारं ॲप, मिनिटाला ६० ठोक्यांवर लावा आणि ठोक्याला एक शब्द म्हणा. सात शब्द, म्हणजे सात सेकंद. सलग तीनदा स्वच्छ आलं की ८०, मग १००, मग १२०. तिथे तेच वाक्य साडेतीन सेकंदांत संपतं. चुकलात तर एक पायरी खाली या.

खरी गंमत शेवटच्या शब्दात आहे. 'ळ'ला जिभेचं टोक मागे वळून टाळूला लागतं आणि लगेच 'ले'साठी दातांमागे यावं लागतं. वेग वाढला की जीभ आळस करते आणि 'मिसलले' होतं. बोलताना हे स्वतःला कळत नाही, म्हणून रेकॉर्ड करून फक्त तेवढाच शब्द ऐका. बिघडत असेल तर 'मिसळ... ले' असं तोडून दहादा म्हणा, मग जोडा. 'राळे'चं 'रारे' फक्त वेग वाढल्यावर होत असेल तर मात्र उच्चार येतोय, घाई नडतेय; वेग कमी केला की पुरे.