शनीच्या उंचवट्यावरचा तारा

“माझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाखाली, शनीच्या उंचवट्यावर, तारा आहे आणि आयुष्यरेषेवर यव, म्हणजे जवाच्या दाण्यासारखी खूण आहे, असं हस्तरेषांच्या एका जाणकारांनी सांगितलं. अडतिसाव्या वर्षी वाहनाचा घात आहे म्हणाले. मला आत्ता सदतीस पूर्ण झाली. दोन महिने गाडीला हात लावलेला नाही, रात्री झोप लागत नाही. खरं काय ते सांगाल का?”

हे विचारणाऱ्या बाई शाळेत शिकवतात. त्यांच्या परवानगीने, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून, हा अनुभव लिहितो आहे. तारा, फुली, यव आणि जाळी या चार बारीक चिन्हांनी जितकी माणसं घाबरून माझ्याकडे हात दाखवायला येतात, तितकी मोठ्या रेषांमुळे येत नाहीत. मोठी रेषा सगळ्यांच्याच हातावर असते. तारा मात्र आपल्याच नशिबी आला असं वाटतं.

मी आधी हात पाहिलाच नाही. झोप किती तास होते, छातीत धडधडतं का, दिवसातून किती वेळा तळहाताकडे लक्ष जातं, हे विचारलं. वर्गात फळ्यावर लिहितानासुद्धा मध्येच हात उघडून बघते, असं त्यांनी सांगितलं. मोबाइलमध्ये तळहाताचे फोटो होते, रोज काढलेले, तारा मोठा होतोय का ते ताडून पाहायला. चिन्हाचं जे व्हायचं ते होवो, या सवयीचा त्रास त्यांना आधीच सुरू झाला होता.

मग हात साबणाने धुऊन, पूर्ण कोरडा करून आणायला सांगितला. धूळ, घाम किंवा क्रीम बारीक घड्यांमध्ये साचलं की नसलेल्या रेषाही गडद दिसतात. तपासणी टेबलावर, हाताची पाठ सपाट टेकवून केली. ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण बहुतेक ‘तारे’ इथेच विरतात. तळहात किंचित जरी वाटीसारखा मिटलेला असला, तरी बोटांच्या मुळाशी कातडी चुरगळते आणि तात्पुरत्या घड्या एकमेकींना छेदतात. मोबाइलचा फोटो बहुधा अशाच अर्धवट मिटलेल्या हाताचा असतो. त्यात एका बाजूचा दिवा सावल्या पाडतो आणि कॅमेरा त्या सावल्यांच्या कडा आणखी धारदार करतो.

परंपरेची तारा ठरवण्याची अट कडक आहे. निदान तीन स्वतंत्र छोट्या रेषा एकाच बिंदूत एकमेकींना छेदायला हव्यात, त्यांची खोली साधारण सारखी हवी, आणि त्यातली कोणतीही मोठ्या रेषेचं टोक किंवा फाटा नसावी. दोनच रेषा छेदल्या तर ती फुली. पाच-सहा रेषा जवळजवळ आल्या, पण वेगवेगळ्या ठिकाणी छेदल्या, तर त्याला तारा म्हणत नाहीत. जाळीसाठी दोन्ही दिशांनी अनेक रेषांचं विणकाम लागतं.

दहापट भिंगाखाली बाईंच्या ‘ताऱ्या’च्या रेघा एकेक करून मोजल्या. एक उभी रेषा म्हणजे भाग्यरेषेचं वरचं टोक. एक तिरकी रेषा हृदयरेषेतून वर आलेला फाटा. तिसरी आडवी घडी मी अंगठ्याने कातडी हलकेच ताणताच नाहीशी झाली. चौथी सगळ्यात ठळक होती, आणि ती रेषाच नव्हती. आपल्या तळहातावर बोटांच्या ठशांसारखे सूक्ष्म कंगोरे असतात. घडीच्या दोन्ही काठांचे कंगोरे एकमेकांशी जुळतात. जखमेच्या वणात ते तुटलेले असतात आणि पलीकडे थोडे सरकलेले दिसतात. इथे ते सरकलेले होते. मी विचारलं, इथे कधी कापलं होतं का? त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, कॉलेजात असताना काच लागली होती, दोन टाके पडले होते. ज्याला तारा मानून भाकीत केलं गेलं, त्याची सर्वात गडद रेघ काचेच्या जखमेची होती.

माझ्या मते, भाकीत करणाऱ्याने भिंग घेऊन पाच मिनिटं दिली असती तर बाईंचे हे दोन महिने वाचले असते. भीतीचं वाक्य बोलायला क्षण लागतो, म्हणून ते बोलण्याआधी तपासण्याची जबाबदारी बोलणाऱ्यावर असते.

यव मात्र खरा होता. यव म्हणजे रेषा फुटून दोन पदर होतात आणि पुढे पुन्हा एक होतात. दोन्ही टोकं मिटलेली हवीत. एकच टोक मिटलं असेल तर तो फाटा असतो, आणि लागोपाठ बारीक यव असतील तर त्या रेषेला साखळी रेषा म्हणतात. बाईंच्या आयुष्यरेषेवर साधारण मध्यावर, सुमारे चार मिलिमीटर लांबीचा, दोन्ही बाजूंनी बंद यव होता. त्याला तिथे नाही म्हणणं खोटं ठरलं असतं, आणि घाबरलेल्या माणसाला दिलासा म्हणून खोटं सांगू नये असं मला मनापासून वाटतं. पुढे दुसऱ्याने तोच यव दाखवला की आधीचा सगळा धीर एका क्षणात जातो.

म्हणून यव आहे हे मान्य करून मी त्यांच्यासमोर ‘अडतीस’ हा आकडा उलगडला. रेषेवर दोरा ठेवून लांबी मोजली, तर नऊ सेंटिमीटर, म्हणजे ९० मिलिमीटर भरली. यवाचा मध्य सुरुवातीपासून ४५ मिलिमीटरवर होता. पूर्ण रेषा ७५ वर्षांची मानली, तर ती जागा साडेसदतिसाव्या वर्षी येते. १०० वर्षांची मानली, तर पन्नासाव्या. दोन्ही पद्धती चालतात आणि त्यातली कोणती बरोबर हे कुणी तपासून ठरवलेलं नाही. शिवाय ७५ च्या हिशेबात एक मिलिमीटर म्हणजे दहा महिने. चार मिलिमीटरचा यव तीन वर्षांहून जास्त काळ व्यापतो, आणि रेषेची सुरुवात नेमकी कुठून धरायची यावरच दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडतो. अशा मापावर वाढदिवसाइतकी नेमकी तारीख ठरवताच येत नाही. बाईंनी दोरा स्वतःच्या हाताने पुन्हा ठेवला, तेव्हा त्यांची लांबी ९३ आली.

आणखी एक गोष्ट मी त्यांना सांगितली, कारण ती मला फार महत्त्वाची वाटते. आपल्याकडच्या जुन्या सामुद्रिक परंपरेत अंगठ्याभोवती वळणाऱ्या या आयुष्यरेषेला पितृरेषा म्हणतात, आणि जिला आज आपण हृदयरेषा म्हणतो तिलाच आयुरेषा. म्हणजे आयुष्य कोणत्या रेषेवर वाचायचं, यावरच दोन परंपरांत एकमत नाही. यवाचंही तसंच. अंगठ्याच्या मधल्या सांध्यावरचा यव जुन्या परंपरेत विद्या आणि धनाचा, शुभ मानला आहे. तोच आकार रेषेवर आला की अशुभ. हे नियम कुणी मोजमाप करून ठरवलेले नाहीत, ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले संकेत आहेत.

त्यांनी नेमका प्रश्न विचारला, “आणि खरा तारा असता तर?” मी सांगितलं, तरीही माझं उत्तर हेच असतं. एखाद्या चिन्हाचा अपघाताशी संबंध आहे असं म्हणायला चार गट मोजावे लागतात: चिन्ह होतं आणि अपघात झाला, चिन्ह होतं आणि झाला नाही, चिन्ह नव्हतं तरी झाला, चिन्हही नव्हतं आणि अपघातही नाही. आपल्या कानावर फक्त पहिल्या गटाच्या गोष्टी येतात, त्याही अपघातानंतर हात आठवून सांगितलेल्या. तारा असूनही म्हातारपणी शांतपणे गेलेल्या माणसाची गोष्ट कुणी सांगत नाही, कारण त्यात गोष्ट नाही. या चार गटांच्या पक्क्या मोजणीवर उभं राहिलेलं एकही अपघाताचं भाकीत माझ्या अभ्यासात मला सापडलेलं नाही, म्हणून मी ते करत नाही. वैद्यकातही तळहाताच्या खुणेकडे पाहतात. एकच आडवी घडी डाउन सिंड्रोममध्ये जास्त आढळते. तरी निरोगी माणसांतही ती असते, त्यामुळे केवळ घडीवरून कुणी डॉक्टर निदान करत नाही, गुणसूत्रांची तपासणी करतो. अभ्यासलेल्या खुणेबाबत ही सावधगिरी असेल, तर न अभ्यासलेल्या ताऱ्याबाबत ती कितीतरी जास्त हवी.

जाळीचा विषय त्यांनीच काढला, अंगठ्याच्या मुळाशी शुक्राच्या उंचवट्यावर दाट आडव्याउभ्या रेघा होत्या. पण त्यांची कातडी खडबडीत होती आणि भांडी घासताना हात तासन्‌तास पाण्यात असायचे. मी हातमोजे आणि रोज रात्री साधी व्हॅसलीन सुचवली, आणि एक ठसा घेऊन ठेवला. ठसा घेताना तळहाताचा खळगा कागदाला टेकत नाही, तेवढीच रेषा तुटलेली उमटते, म्हणून कागदाखाली कापसाची घडी ठेवावी लागते. सहा आठवड्यांनी त्याच दाबाने दुसरा ठसा घेतला. जाळीतल्या बऱ्याच रेघा फिकट झाल्या होत्या. यव तसाच होता, जखमेचा वणही तसाच. कोरडेपणाने दिसणाऱ्या बारीक रेघा दिसतात आणि मावळतात, म्हणून एका दिवसाच्या हातावरून त्यांना अर्थ चिकटवणं मला मान्य नाही.

त्या सहा आठवड्यांत खरं काम मात्र वेगळं होतं. आठवड्यातून एकदा, ठरल्या दिवशी, पाच मिनिटं हात पाहायचा आणि एरवी फोटो काढायचे नाहीत, असं आम्ही ठरवलं. पहिल्या आठवड्यात हे जमलं नाही, तिसऱ्यात बरंच जमलं. गाडी पुन्हा सुरू करताना आधी सकाळी, रिकाम्या रस्त्यावर, घरापासून थोडं अंतर. त्यांचे डोळेही तपासून घ्यायला सांगितले, कारण रात्री समोरच्या दिव्यांनी दिपायला होतं ही त्यांची जुनी तक्रार होती. चष्म्याचा नंबर वाढलेला निघाला. अपघाताचा धोका पाहायचा असेल तर तो इथे होता, आणि त्यावर उपायही होता.

भीती या मार्गाने उतरली नसती, झोप तशीच उडालेली राहिली असती, किंवा ‘मी मरणारच’ हा विचार ठाम झाला असता, तर मी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं, आणि त्यांच्या हाताला पुन्हा भिंग लावलं नसतं. अशा अवस्थेत हात आणखी एकदा तपासणं म्हणजे तपासण्याच्या त्याच सवयीला खाद्य घालणं. शेवटच्या भेटीत त्यांनी विचारलं की भाकीत सांगणाऱ्यांना जाऊन हे सगळं सांगू का. मी म्हटलं, तुमची इच्छा असेल तर दोरा आणि ठसा घेऊन जा, भांडायला जाऊ नका. त्या गेल्या की नाही, ते मी विचारलं नाही.